एक रेफरी म्हणतो फार ठाम, दुसरा म्हणतो फार मिळमिळीत

बदलापूरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मुंबईत फिजिओथेरपीचं पदव्युत्तर शिक्षण घेतोय. प्रबंधातून पेपर काढून एका जर्नलला पाठवला होता, तो काल परत आला. नाकारला नाहीये, पण दोन रेफरींनी दोन दिशांना ओढलंय. पहिला लिहितो, दावे पुराव्याच्या फार पुढे गेलेत. दुसरा लिहितो, लेखकाला नक्की काय म्हणायचंय तेच कळत नाही, प्रत्येक वाक्यात माघार आहे. आमचे गाइड म्हणाले, सगळीकडे इंग्रजीतलं 'मे' घाल आणि पाठवून दे.

थोडक्यात अभ्यास असा. फोर्ट आणि बीकेसीतल्या कार्यालयांत काम करणारे २४० जण, सगळे लोकलने येणारे. त्यात १२० जणांचा एका बाजूचा प्रवास ९० मिनिटांहून जास्त, १२० जणांचा ४५ मिनिटांहून कमी. नॉर्डिक प्रश्नावलीतला प्रश्न विचारला: गेल्या ७ दिवसांत कंबरदुखीचा त्रास झाला का? लांबून येणाऱ्यांत ५४ जण हो म्हणाले, जवळून येणाऱ्यांत ३६. ऑड्स रेशो १.९, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल १.१ ते ३.२.

रेफरींनी खुणा केलेली तीन वाक्यं (मूळ इंग्रजी, इथे मराठीत देतोय):

१. लांबचा प्रवास करणाऱ्यांमध्ये कंबरदुखीचे प्रमाण कदाचित काहीसे अधिक असू शकते, असे सूचित होण्याची शक्यता दिसते.

२. लोकलच्या लांब प्रवासामुळे कंबरदुखीचा धोका जवळपास दुप्पट होतो.

३. प्रवास बसून केला की उभ्याने, याने कंबरदुखीत फरक पडत नाही.

आता ऐकू कुणाचं?

खडूस रेफरी

गाइडचं ऐकू नकोस. 'मे', 'माइट', 'पॉसिबली' हे भित्र्यांचे शब्द. मी पदार्थविज्ञानवाला, आमच्याकडे आकडा आणि त्याची त्रुटी लिहायची, विषय संपला. पहिल्या वाक्यात चार वेळा पळ काढलायस, मोजून बघ. चारही उडव.

८.१३ ची लोकल

अरे बाबा, मी रोज टिटवाळ्याहून येतो, १७ वर्षं. कंबर गेलीच आहे माझी. डॉक्टरांनी पट्टा दिलाय. तुझ्या पेपरात यावर उपाय काही दिलाय का? आणि कुठले व्यायाम डब्यात उभ्या उभ्या करता येतील?

बदलापूरकर

काका, उपायांचा अभ्यास नव्हता हा. व्यायामाचं व्यनि करतो.

परळची सुमन

तीस वर्षं इतरांचे आकडे तपासण्यात गेली, म्हणून लिहिते. तुझे दोन्ही रेफरी बरोबर आहेत, कारण ते वेगवेगळ्या वाक्यांबद्दल बोलतायत. तुझी गंमत अशी झालीय की जे तू स्वतः मोजलंस तिथे तू घाबरलास, आणि जे मोजलंच नाहीस तिथे छाती काढलीस.

पहिलं वाक्य घे. १२० पैकी ५४ आणि १२० पैकी ३६. म्हणजे ४५ टक्के आणि ३० टक्के. यात 'कदाचित' काय आहे? तू फॉर्म मोजलेत ना? या २४० माणसांत प्रमाण जास्त होतं, ही घडून गेलेली गोष्ट आहे. तिथे 'आढळले' लिहायचं आणि पुढे जायचं. शंका सुरू होते ती या २४० च्या बाहेर पाऊल टाकल्यावर. ती शंकाही शब्दांनी दाखवू नकोस, आकड्याने दाखव. फरक १५ टक्केबिंदूंचा आहे, त्याची इंटरव्हल मी आत्ता काढली, साधारण ३ ते २७. ही रुंदी वाचकाला जे सांगते ते चार 'कदाचित' मिळून सांगत नाहीत. खरा फरक नगण्य असू शकतो किंवा चांगलाच मोठा असू शकतो, हे त्यातच आलं.

म्हणून खडूस यांचं निम्मं पटतं. या वाक्यातले चारही शब्द उडवावेत. पण सरसकट सगळे उडवले तर दुसऱ्या वाक्याचं काय करणार? तिथे उडवायला एकही नाहीये, आणि तीच त्याची अडचण आहे.

खडूस रेफरी

दुसऱ्यात काय चूक आहे? १.९ म्हणजे जवळपास दोन. 'जवळपास' लिहिलंय की त्याने.

परळची सुमन

तीन चुका आहेत, आणि 'जवळपास' हा शब्द त्यातली एकही झाकत नाही.

सोपी आधी. १.९ हा ऑड्सचा रेशो आहे, ऑड्स म्हणजे दुखणारे भागिले न दुखणारे. ५४ ला ६६ ने भागा, ३६ ला ८४ ने भागा, मग पहिल्याला दुसऱ्याने. प्रमाणाचा रेशो हवा तर ४५ भागिले ३०, म्हणजे दीडपट. आजार दुर्मिळ असेल तर हे दोन रेशो जवळपास सारखे येतात. पण इथे तिघातला एक जण तसाही कंबर धरून बसलाय, तेव्हा ऑड्स रेशो बराच पुढे पळतो. दीडपटीचं 'दुप्पट' कुठल्याही क्रियापदाला हात न लावता झालं. ठामपणा असा आकड्यातूनही शिरतो, म्हणून फक्त 'मे' आणि 'माइट' शोधत बसणाऱ्या रेफरीच्या नजरेतून तो सुटतो.

दुसरी, 'धोका'. धोका म्हणायला आज कंबर न दुखणारी माणसं घेऊन वर्षभर त्यांच्या मागे राहावं लागतं. तू एका दिवशी विचारलंस, तेव्हा तुझ्याकडे आहे ते प्रमाण.

तिसरी आणि सगळ्यात मोठी, 'मुळे'. बदलापूर, टिटवाळा, विरारला कोण राहतं? ज्यांना दादर परवडत नाही. त्यांचं वय, कामाचं स्वरूप, घरी किती वाकून कामं करावी लागतात, पहाटे चारला उठून डबा कोण करतं, हे सगळं त्या ९० मिनिटांच्या मागे लपलेलं असतं. शिवाय ज्यांची कंबर फारच गेली त्यांनी नोकरी सोडली असेल किंवा जवळ भाड्याने घर घेतलं असेल. ते तुझ्या लांबच्या गटात सापडणारच नाहीत. म्हणजे खरा आकडा तुझ्यापेक्षा मोठाही असू शकतो. हे लक्षात घे, सावध लिहिणं म्हणजे दर वेळी दावा लहान करणं नाही. चूक कुठल्या बाजूला ओढतेय ते सांगता आलं तर सांगायचं.

बदलापूरकर

सुमनताई, म्हणजे 'मुळे' च्या जागी 'असोसिएटेड' घातलं की झालं ना? सगळे तेच करतात.

परळची सुमन

सगळे करतात खरं. वर 'संबंध आढळला' लिहायचं आणि शेवटच्या परिच्छेदात 'म्हणून कार्यालयांनी कामाच्या वेळा बदलाव्यात' असा सल्ला द्यायचा. प्रवासाने कंबर दुखते असं मानल्याशिवाय तो सल्ला उभाच राहत नाही. 'मुळे' पुढच्या दाराने घालवलं, मागच्या दाराने आत घेतलं. तुझा शेवटचा परिच्छेद काय म्हणतो?

बदलापूरकर

...कार्यालयांनी कामाच्या वेळा बदलाव्यात असंच म्हणतो.

खडूस रेफरी

हाहा. बरं, दुसऱ्या वाक्यापुरता मी माघार घेतो. पण सावधपणाचं फार कौतुकही नको. १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएच्या रचनेचा पेपर लिहिला. आनुवंशिकतेचं सगळ्यात मोठं कोडं सुटत होतं आणि यांनी काय लिहिलं, तर ही जोडणी नक्कल होण्याची एक शक्य पद्धत सुचवते हे आमच्या नजरेतून सुटलेलं नाही. एवढंच. तुमच्या हिशेबाने हे आदर्श, माझ्या हिशेबाने हा नाटकी विनय.

परळची सुमन

विनय थोडा नाटकी आहेच, कबूल. पण आडपडदा कुठे आहे तेही बघा. 'शक्य' हा शब्द नकलेच्या पद्धतीला लागलाय, कारण ती त्यांनी कुठेही होताना पाहिली नव्हती, रचनेवरून ताडली होती. आणि एप्रिलचा तो पेपर आल्यावर मे महिन्यात त्याच 'नेचर'मध्ये त्यांनी दुसरा लिहिला, आनुवंशिकतेच्या अंगाने काय अर्थ निघतो यावरच. तिथे बरंच मोकळेपणी मांडलंय. तेव्हा ते घाबरून गप्प बसले होते असं काही दिसत नाही.

शब्दखुळा

उशिरा आलो. मी विज्ञानाचे लेख मराठीत आणतो, त्यामुळे हे दुखणं माझंही आहे. इंग्रजीतल्या एका 'मे'साठी मराठीत निदान तीन दारं आहेत, आणि भाषांतर करणारे डोळे मिटून एकातच घुसतात.

'प्रवास हे कारण असू शकते' म्हणजे शक्यता नाकारता येत नाही, एवढंच. 'प्रवास हे कारण असावे' म्हणजे माझ्यापुढे काही खुणा आहेत आणि त्यावरून माझा तर्क तिकडे झुकतो. 'प्रवास हे कारण असणार' म्हणजे तर्क जवळजवळ पक्का. दारात ओली छत्री दिसली तर आपण 'बाहेर पाऊस असावा' म्हणतो. 'पाऊस असू शकतो' म्हणायला छत्री लागत नाही, जुलै महिना पुरतो.

धागाकर्त्याच्या पहिल्या वाक्यात 'कदाचित', 'असू शकते', 'सूचित होण्याची', 'शक्यता', 'दिसते' असं सगळं एकावर एक चढवलंय. (खडूस, चार नाहीत, पाच आहेत. 'काहीसे' धरलं तर सहा.) दोन शंका एकत्र आल्या की सावधपणा दुप्पट होत नाही, अर्थ पुसला जातो. शक्यतेची शक्यता दिसते म्हणजे नेमकं काय दिसतं?

परळची सुमन

छत्रीचं उदाहरण उचलते, विद्यार्थ्यांना सांगायला उपयोगी पडेल. वैद्यकात अशी शिडी लोकांनी ठरवून घेतलीय. ग्रेड नावाची पद्धत आहे, अनेक अभ्यास एकत्र करून निष्कर्ष काढताना वापरतात. पुराव्याची खात्री जास्त असेल तर सरळ 'त्रास कमी होतो' लिहायचं. मध्यम असेल तर 'बहुधा कमी होतो'. कमी असेल तर 'कमी होऊ शकतो'. अगदीच कमी असेल तर 'पुरावा फार अनिश्चित आहे' असं सांगून मोकळं व्हायचं. शब्द लेखकाच्या स्वभावावर सोडायचा नाही, पुराव्यावरून निवडायचा.

माटुंग्याचा भिडू

पण ती शिडी पुराव्याच्या गठ्ठ्याला लावतात ना? याच्याकडे एकच सर्वेक्षण आहे. ते शब्द उचलून इथे चिकटवले तर न केलेल्या मूल्यमापनाचा आव येईल.

परळची सुमन

बरोबर. शब्द घेऊ नये, सवय घ्यावी.

माटुंग्याचा भिडू

मी रसायनवाला. माझ्या व्हायव्हात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी 'सिद्ध झाले' या दोन शब्दांवर वीस मिनिटं घालवली होती. घामाघूम. तेव्हापासून मी 'सुसंगत आहे' लिहितो, आणि आता वाटतं की तेही लपायला बरंच झालंय. 'आमचे निष्कर्ष या गृहीतकाशी सुसंगत आहेत' हे खरंच असतं, पण ते आणखी दहा गृहीतकांशीही सुसंगत असतात, त्याचं नाव कोण काढतं?

शब्दखुळा

+१. 'सुसंगत' लिहिणाऱ्याने विसंगत काय ठरलं असतं तेही लिहावं.

बदलापूरकर

तिसऱ्या वाक्यावर कुणीच बोललं नाही. तिथे पी व्हॅल्यू ०.४३ आलीय, सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय नाही, म्हणजे फरक नाही हे तर नक्की आहे?

परळची सुमन

नाही रे. मला विचारशील तर तुझ्या पेपरातलं सगळ्यात धाडसी वाक्य तेच आहे. दिसतं मात्र गरीब, कारण 'नाही' म्हणणारा माणूस नम्र वाटतो. त्या गटातले आकडे दे.

बदलापूरकर

लांबच्या १२० पैकी बहुतेक वेळा बसायला मिळणारे ४०, त्यात दुखणारे १६. उभे राहणारे ८०, त्यात दुखणारे ३८.

परळची सुमन

म्हणजे ४० टक्के आणि ४७.५ टक्के. फरक साडेसात टक्केबिंदू, इंटरव्हल उणे ११ ते अधिक २६. याचा अर्थ उभं राहणाऱ्यांत दुखणं ११ ने कमी असेल इथपासून २६ ने जास्त असेल इथपर्यंत सगळं तुझ्या माहितीत बसतं. आता तुझा मुख्य निष्कर्ष आठव. तिथे १५ चा फरक आहे आणि त्यावर तू पेपर लिहिलायस. तोच १५ चा फरक इथेही या पट्ट्यात आरामात बसतो. एका पानावर ज्याला महत्त्वाचा म्हणतोस, तो दुसऱ्या पानावर नाकारताच येत नसताना 'फरक पडत नाही' असं लिहितोस.

ऑल्टमन आणि ब्लँड यांनी १९९५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये यावरच एक पानाचं टिपण लिहिलं होतं. सार असं की पुरावा न सापडणं म्हणजे नसल्याचा पुरावा नव्हे. १५ चा फरक पकडायचा तर प्रत्येक गटात साधारण पावणेदोनशे माणसं लागली असती. तुझ्याकडे बसणारे ४० आहेत. जाळ्याची भोकं मोठी होती, मासे नव्हते असं कसं म्हणायचं?

खडूस रेफरी

हे मात्र आमच्याकडेही घडतं. लोक वरची मर्यादा न देता 'परिणाम दिसला नाही' लिहितात. 'एवढ्यापेक्षा मोठा परिणाम नसावा' असं लिहायला हवं.

परळची सुमन

तेच. आणि धागाकर्त्या, वय धरून विश्लेषण केलंयस का?

बदलापूरकर

केलंय, पुरवणी तक्त्यात आहे. वय आणि लिंग धरलं तर ऑड्स रेशो १.६, इंटरव्हल ०.९ ते २.८. गाइड म्हणाले हा तक्ता मुख्य पेपरात नको.

खडूस रेफरी

मग खलास. इंटरव्हलमध्ये १ आला, म्हणजे दोन्ही गट सारखे असणंही त्यात बसतं. वय धरल्यावर संबंध उरत नाही असं सरळ लिही.

परळची सुमन

खडूस, आत्ताच तिसऱ्या वाक्यावर मान डोलावलीत आणि लगेच तीच चूक केलीत. १.९ चा १.६ झाला, नाहीसा झाला नाही. काही भाग वय आणि लिंगाचा होता, एवढं म्हणता येईल. उरलेल्याबद्दल हा अभ्यास निर्णय देऊ शकत नाही. पण तो तक्ता मुख्य पेपरात यायलाच हवा. तो लपवून वरची वाक्यं कितीही मऊ केली तरी उपयोग नाही.

खडूस रेफरी

मला हे पटत नाही. ०.९ ते २.८ असला आकडा असेल तर पेपराच्या शीर्षकात 'संबंध' हा शब्द असूच नये. कुठेतरी रेघ ओढावी लागते, नाहीतर जो तो 'उरलेला संबंध' काखेत मारून फिरेल.

परळची सुमन

शीर्षकातून काढायला माझी हरकत नाही. रेघ १ वरच ओढावी का, यावर आपलं जमणार नाही.

माटुंग्याचा भिडू

पॉपकॉर्न संपले.

बदलापूरकर

दोन दिवस बसून बदललंय. बघा.

१. लांबून येणाऱ्या १२० पैकी ५४ (४५ टक्के) आणि जवळून येणाऱ्या १२० पैकी ३६ (३० टक्के) जणांना गेल्या ७ दिवसांत कंबरदुखी आढळली. फरक १५ टक्केबिंदू, इंटरव्हल ३ ते २७.

२. वय आणि लिंग धरल्यावर हा संबंध क्षीण झाला (ऑड्स रेशो १.६, इंटरव्हल ०.९ ते २.८). काही वाटा वय आणि लिंगाचा असावा. प्रवास हे स्वतंत्र कारण आहे का, हे एकदाच केलेल्या पाहणीतून ठरवता येत नाही. तीव्र त्रास असलेले आधीच नोकरी सोडून गेले असल्यास खरा फरक याहून मोठाही असू शकतो.

३. बसणारे आणि उभे राहणारे यांच्यात साडेसात टक्केबिंदूंचा फरक होता, इंटरव्हल उणे ११ ते अधिक २६. फरक आहे वा नाही, हे सांगायला ही संख्या अपुरी आहे.

वेळा बदलण्याचा सल्ला काढला. गाइड म्हणाले, मग पेपरात उरलं काय?

शब्दखुळा

'असावा' आणि 'असू शकतो' दोन्ही जागच्या जागी बसलेत. 'क्षीण' ऐवजी 'कमी' चालेल, संबंध आजारी नाहीये.

परळची सुमन

गाइडना सांग, १५ चा फरक आणि त्याची रुंदी उरली. पहिल्यापेक्षा हे जास्त आहे.

८.१३ ची लोकल

मी आपला सगळं वाचत होतो, निम्मं डोक्यावरून गेलं. पण एक विचारू? बसायला मिळणारे म्हणतोस, त्यात चौथी सीट धरलीस का? चौथ्या सीटवर अर्धं बूड बाहेर असतं, एक पाय दाबून तोल सांभाळायचा. त्यापेक्षा उभं राहिलेलं बरं. आणि माझ्यासारखे कंबर दुखते म्हणूनच आधी उलट्या दिशेने जाऊन, जागा धरून बसून येतात. आम्ही कुठल्या रकान्यात?

बदलापूरकर

काका, चौथी सीट 'बसून' मध्येच धरलीय. फॉर्मात वेगळा पर्याय नव्हता. उलटं जाणाऱ्यांचं विचारलंच नाही.

परळची सुमन

दुखतं म्हणून बसतात, मग बसणाऱ्यांत दुखणारे जास्त दिसणार. आणि चौथी सीट बसण्यात धरली तर आणखी. दोन्ही गोष्टी तुझा फरक दाबतायत. शेऱ्यांच्या रकान्यात कुणी चौथ्या सीटचं लिहिलंय का बघ.

बदलापूरकर

आत्ता फॉर्म काढले. ४० पैकी ११ जणांनी लिहिलंय. त्यांना काढलं तर २९ उरतात. तिसरं वाक्य ठेवू की गाळू?

खडूस रेफरी

गाळ.

परळची सुमन

ठेव, पण निष्कर्षातून उचलून पद्धतीतल्या त्रुटींमध्ये टाक. आणि ८.१३ वाल्यांचे आभार मान.